फिटनेस दाखला मागताना डॉक्टरांना काय सांगायचं?

शाळेच्या ट्रेकच्या सूचनापत्रात शेवटी एक ओळ असते, ‘डॉक्टरांचा फिटनेस दाखला जोडावा’. बहुतेक पालकांना ती आदल्या संध्याकाळी आठवते. मग दवाखान्यात येऊन ‘डॉक्टर, फक्त सही हवी होती’ असं म्हणतात. अशा घाईत स्टेथोस्कोप लावला जातो, वजन घेतलं जातं आणि सही होते. ज्यासाठी हा दाखला मागितला जातो, ती गोष्ट मात्र बहुधा विचारायचीच राहून जाते.

वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या हृदयात दोष असेल, तर त्याचा सुगावा तपासणीपेक्षा घरच्यांच्या उत्तरांतून लागण्याची शक्यता जास्त असते. पळताना किंवा चढताना मूल कधी चक्कर येऊन पडलंय का? खेळताना छातीत दुखतं का? घराण्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का? या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर ईसीजी आणि इको होईपर्यंत सही थांबायला हवी. रांगेत उन्हात उभं राहून येणारी भोवळ बहुधा निरुपद्रवी असते, धावता धावता आलेली तशी नसते. त्यामुळे ‘एकदा पडला होता’ एवढं सांगून भागत नाही. त्या वेळी तो नेमकं काय करत होता, तेही सांगा.

स्टेथोस्कोपने हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, म्हणजे मर्मर, ऐकू येतो. कित्येक निरोगी मुलांमध्येही तो असतो. म्हणून मुलाला आधी झोपवून आणि मग उभं करून ऐकतात. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि हृदयात येणारं रक्त कमी होतं. निरुपद्रवी मर्मर अशा वेळी मंदावतो. पण हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे जाड झालेला असेल, तर कमी भरलेल्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याची वाट आणखी अरुंद होते आणि आवाज वाढतो. अर्थात हा दोष असूनही काही मुलांत आवाज येतच नाही, आणि म्हणूनच घराण्याचा इतिहास इतका महत्त्वाचा ठरतो.

हृदयाचे हे दोष विरळच असतात. दमा मात्र नेहमी भेटतो, आणि तो लपूनही राहतो. समजा, अकरा वर्षांच्या एका मुलाला डिसेंबरात राजगडला जायचंय. आई म्हणते, ‘तब्येत छान आहे, खेळून आला की थोडा खोकतो, एवढंच.’ या ‘एवढंच’पाशी डॉक्टरांनी थांबायला हवं. जोरात श्वास घेताना कोरडी, थंड हवा श्वासनलिकांमधला ओलावा ओढून घेते. त्यामुळे काही मुलांच्या नलिका आकसतात. गंमत अशी की हे पळताना कमी आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी जास्त जाणवतं. शांत बसलेल्या मुलाची छाती तपासली, तर ती अगदी स्वच्छ लागते.

अशा वेळी पीक फ्लो मीटर कामी येतं. मूल त्यात जोरात फुंकर मारतं आणि काटा किती सरकला ते वाचायचं. या मुलाचा आकडा आधी २८० आला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा मिनिटं पळवलं आणि दहा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, तर २२०. म्हणजे साठची, जवळपास २१ टक्क्यांची घट. १५ टक्क्यांहून जास्त घट झाली की दम्याचा संशय बळावतो. मग स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची श्वासाची सविस्तर चाचणी, करून खात्री करायची, श्वासातून घ्यायच्या स्टेरॉइडचा पंप सुरू करायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दाखल्यासाठी ट्रेकच्या सहा आठवडे आधी जाणं बरं. तेवढा वेळ मिळाला, तर हा मुलगा बहुधा राजगडला जाऊ शकतो. नाव आदल्या दिवशीच्या तपासणीत गळतं.

दाखलाही नेमका मागा. ‘मूल तंदुरुस्त आहे’ यापेक्षा ‘अमुक तारखेला तपासलं, राजगड ट्रेकला जाण्यास हरकत नाही, चढण्याआधी पंधरा मिनिटं सॅल्ब्युटामॉलचे दोन पफ स्पेसरमधून घ्यावेत’ हे शिक्षकांना उपयोगी पडतं. सॅल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध आणि स्पेसर म्हणजे त्याच्या पंपाला जोडायची नळी. त्यावर मुलाची ओळखखूण आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. ओळखखूण नोंदवणं आणि दाखल्याची प्रत स्वतःकडे ठेवणं हे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरांना बंधनकारक आहे. खोटा दाखला दिल्यास त्यांच्यावर कारवाई होऊ शकते, त्यामुळे मुलाला न पाहता सही द्यायला ते नकार देत असतील तर रागावू नका.

दाखला तपासणीच्या दिवसापुरता खरा असतो. मधल्या काळात ताप आला, तर तो दाखला बाजूला ठेवा. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात आणि त्या अवस्थेत कष्ट पडले, तर ठोक्यांची लय बिघडू शकते. ताप उतरल्यावरही जिना चढताना धाप लागत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर ट्रेकआधी मुलाला पुन्हा दाखवा.