कोटा भरला, पण कोणाकडून?

ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारात येणाऱ्या ग्राहकांची यादी कोणाकडेच नसते. त्यामुळे यादीतून चिठ्ठ्या टाकून माणसे निवडता येत नाहीत आणि सर्वेक्षण करणारे बहुधा कोटा पद्धतीकडे वळतात. वय आणि लिंग यांनुसार किती जणांशी बोलायचे ते आधी ठरते. त्या संख्येत कोणाला थांबवायचे, हे मात्र प्रश्न विचारणाऱ्यावर सोपवलेले असते.

हे प्रमाण जनगणनेतून उचलण्याचा मोह होतो. पण जनगणना शहरात राहणाऱ्यांची असते, बाजारात येणाऱ्यांची नव्हे. म्हणून आधी आठवड्यातील वेगवेगळ्या दिवशी आणि वेळी प्रवेशाच्या रस्त्यांवर उभे राहून येणाऱ्यांची अंदाजे मोजणी करावी. समजा, तिच्या आधारे २०० मुलाखतींसाठी ११० स्त्रिया आणि ९० पुरुष ठरले. वयानुसार १८ ते ३४ चे ५५, ३५ ते ५४ चे ९० आणि ५५ किंवा अधिक वयाचे ५५. आता सगळे ज्येष्ठ पुरुषच घेतले, तरुण सगळ्या मुलीच घेतल्या आणि मधल्या गटात ५५ स्त्रिया व ३५ पुरुष घेतले, तरी प्रत्येक बेरीज तंतोतंत जुळते. फक्त एकही ज्येष्ठ स्त्री नमुन्यात येत नाही. म्हणून वय आणि लिंग यांचे सहा चौकोन करून प्रत्येकाचा कोटा स्वतंत्र द्यावा लागतो.

चौकोन भरले तरी खरी अडचण उरतेच, कारण चौकोनाच्या आत निवड मोकळी असते. सकाळी अकराला निवांत भाजी निवडणारी गृहिणी सहज बोलते. संध्याकाळी स्टेशनवरून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घाईने निघालेली नोकरदार स्त्री थांबत नाही. दोघी एकाच चौकोनात मोजल्या जातात, पण त्यांच्या खरेदीच्या सवयी वेगळ्या असतात. शिवाय रोज येणारा ग्राहक महिन्यातून एकदा येणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा समोर येतो, त्यामुळे उत्तरे नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे झुकतात. अमेरिकेत १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कोटा पद्धत वापरणाऱ्या मतचाचण्यांनी ड्यूई जिंकणार असे सांगितले आणि निवडून आले ट्रूमन. चाचण्या लवकर थांबवल्या हे एक कारण होतेच, पण कमी शिकलेले मतदार नमुन्यात अपुरे आले, हेही चौकशीत पुढे आले.

यावर थोडा लगाम घालता येतो. वेळेचाही कोटा ठेवावा. रस्त्यावर एक रेघ ठरवून ती ओलांडणाऱ्या दर दहाव्या व्यक्तीला विचारावे. नकार देणाऱ्यांचा अंदाजे वयोगट आणि वेळ टिपून ठेवावी. एखादा चौकोन दुपारपूर्वीच भरला, तर त्यात कोण आले ते तपासावे, कारण असा झटपट भरलेला कोटा मला तरी नेहमी संशयास्पद वाटतो.

अहवालात २०० जणांच्या नमुन्यापुढे ‘अधिक-उणे सात टक्के’ अशी त्रुटी लिहिलेली आढळते. तो हिशोब ज्यात प्रत्येकाच्या निवडीची शक्यता माहीत असते अशा नमुन्याचा आहे. इथे ती माहीत नसते, आणि २०० चे २,००० केले तरी न थांबलेली माणसे नमुन्याबाहेरच राहतात.