सीडी, मुदत आणि व्याज: वितरकाच्या मेलमागचा इतिहास

इलेक्ट्रिक सामानाच्या वितरकाकडून दुकानदारांना मेल येतो: ‘1 जुलैपासूनच्या बिलांची मुदत 30 दिवस. 10 दिवसांत पैसे आल्यास 2 टक्के सूट. मुदत उलटल्यास वार्षिक 18 टक्के दराने विलंब शुल्क, अधिक जीएसटी.’ वाचणाऱ्याला वाटते, नवीनच काहीतरी काढले. खरे तर यातल्या तिन्ही गोष्टी बाजारात जुन्याच आहेत. माल निघण्याआधी त्या लेखी कळवल्या जात आहेत, हा बदल आहे.

लवकर पैसे देणाऱ्याला सूट मिळायची, तिला जुना शब्द वटाव. मुदतीची हुंडी मुदतीआधी रोख करून घेतली की सावकार वटाव कापून घेई. वह्यांमध्ये ‘कसर-वटाव’ असे खातेच असे आणि आजही कित्येकांच्या संगणकावर ते त्याच नावाने आहे. आता वटावाला बाजारात सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट, म्हणतात. व्याजाचे तसेच. बिलाच्या तळाशी ‘उशीर झाल्यास 24 टक्के व्याज’ ही ओळ वर्षानुवर्षे छापलेली असते, पण बहुतेक ठिकाणी ते व्याज कोणी लावत नाही. वसुलीला गेलेल्या माणसाला ‘सोमवारी या’ असे उत्तर मिळते आणि तो सोमवारी पुन्हा जातो.

हे तोंडी चालणे 2017 मध्ये जीएसटी आल्यावर अडचणीचे झाले. बिल फाडल्यानंतर दिलेली सूट करपात्र रकमेतून वजा करायची, तर ती पुरवठ्याच्या आधी किंवा त्याच वेळी ठरलेली हवी, त्या त्या बिलाशी जोडता यायला हवी आणि खरेदीदाराने तेवढे इनपुट क्रेडिट परत करायला हवे, अशी अट कायद्यात आली. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने आधी ठरलेले असण्याची अट काढण्याची शिफारस केली. पण तोवर सुटीचे लेखी पत्र आधी पाठवायची सवय लागून गेली होती. विलंब शुल्कही कायद्याने पुरवठ्याच्या मूल्यातच धरले. त्यावरचा कर मात्र पैसे हातात पडतात तेव्हाच लागतो.

उदाहरण घेऊ. 5 जुलैचे बिल, माल 1,00,000 रुपयांचा, 18 टक्के जीएसटी धरून 1,18,000. दुकानदाराने 15 जुलैपर्यंत पैसे दिले तर 2,000 रुपये सूट आणि त्यावरचा 360 रुपये कर क्रेडिट नोटने कमी होतो. तो 1,15,640 भरतो आणि 360 चे क्रेडिट परत करतो. 4 ऑगस्टची मुदत चुकवून 29 ऑगस्टला दिले, तर 25 दिवसांचे शुल्क सुमारे 1,455 रुपये होते. मेलमध्ये ‘अधिक जीएसटी’ हे शब्द नसतील तर यातलेच 222 रुपये कराचे निघतात आणि ते वितरकाच्या पदरचे जातात.

पण मेलची खरी निकड दुसरीकडून आली. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत देणे बंधनकारक केले. कायदा होता, धाक नव्हता. 2023 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात 43बी(एच) घातले आणि 1 एप्रिल 2024 पासून ते लागू झाले: मुदत उलटूनही पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत करासाठी धरला जात नाही.

वितरकाची कोंडी इथे झाली. छोट्या कारखानदाराकडून घेतलेल्या स्विचबोर्डांचे पैसे त्याला 45 दिवसांत द्यायचे, आणि स्वतः व्यापारी असल्याने त्याला मात्र हे संरक्षण नाही. 2021 मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरतीच. दुकानदार 90 दिवसांनी पैसे देत असेल तर मधले दिवस वितरकाने कर्जावर काढायचे. कायदा देत नाही ती मुदत त्याला करारानेच मिळवावी लागते, आणि तो करार म्हणजे हा मेल.

म्हणूनच ‘1 जुलैपासूनच्या बिलांची’ हे शब्द फार महत्त्वाचे. जुन्या बिलांवर एकतर्फी शुल्क लावता येत नाही. मेल मिळाल्यावर दुकानदाराने नवी ऑर्डर दिली, तर अटी मान्य असल्याचे म्हणता येते. मेलला ‘मिळाले, मान्य’ एवढे उत्तर मागून ठेवलेले अधिक बरे.

2 टक्के सूट वितरकाला स्वस्त पडत नाही. 20 दिवस आधी पैसे मिळवण्यासाठी दिलेले 2 टक्के वर्षाच्या हिशेबाने सुमारे 37 टक्के होतात. दुकानदाराला बँकेची उचल यापेक्षा कितीतरी कमी दराने मिळते, म्हणून त्याने ती काढून सूट घेणे फायद्याचे. मेल फसतो तो अठराव्या दिवशी. दुकानदार 2 टक्के कापूनच पैसे पाठवतो, आणि वाद नको म्हणून वितरकाचा हिशेबनीस तो फरक कसर-वटावात टाकतो. महिन्याच्या शेवटी त्या खात्याची बाकी दहा दिवसांत आलेल्या पैशांवरच्या सुटीपेक्षा जास्त निघाली, की अटी मोडायला लागल्या हे तिथेच दिसते.