१६५० मोठा की १०६०?

“१०६० पेक्षा १६५० आकडा मोठा, शिवाय ग्राफिक्स कार्ड नवं. मग तेच वेगवान ना?”

नाही. पहिले दोन आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन त्या पिढीतला दर्जा. GTX 1650 हे २०१९ चं खालच्या दर्जाचं कार्ड, तर GTX 1060 हे २०१६ चं मधल्या दर्जाचं. सहा जीबीच्या १०६० मध्ये १२८० कोअर आणि १९२ बिटची मेमरी बस आहे. मूळ १६५० मध्ये ८९६ कोअर, चार जीबी मेमरी आणि १२८ बिटची बस. त्यामुळे बहुतेक गेममध्ये जुनं कार्डच पुढे राहतं. वापरलेलं कार्ड घेताना GPU-Z हे कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून Bus Width, म्हणजे मेमरी बसचे बिट, नक्की बघा. १६५० घ्यायचं खरं कारण वेगळंच आहे: त्याचं मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागतं, म्हणून ते ऑफिसच्या जुन्या पीसीतही बहुधा वेगळ्या पॉवर केबलशिवाय चालतं.