नऊ टक्क्यांचा नियम

बाजारात ऑर्डर टाकणाऱ्या प्रोग्रॅमसमोर एक यादी असते. कुठल्या भावाला किती नग घ्यायला लोक तयार आहेत आणि कुठल्या भावाला किती विकायला, हे त्या यादीत क्षणाक्षणाला बदलत असतं. एक्स्चेंजकडून प्रत्येक बदल आला की प्रोग्रॅम आपला नियम तपासतो, आणि अट जुळली तर भाव व नग ठरवून ऑर्डर पाठवतो. नियमात जे लिहिलेलं नाही, ते त्याला दिसत नाही.

६ मे २०१० रोजी अमेरिकेत नेमकं हेच नडलं. दुपारी २:३२ वाजता एका मोठ्या फंडाने एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाचे ७५,००० ई-मिनी फ्युचर्स, म्हणजे निर्देशांकाच्या पुढच्या तारखेच्या भावावरचे करार, विकायला काढले. किंमत सुमारे ४.१ अब्ज डॉलर. विक्री ज्या प्रोग्रॅमकडे सोपवली त्याचा नियम एवढाच होता: मागच्या मिनिटात जेवढी उलाढाल झाली, तिच्या ९ टक्के विकायचं. भाव किती पडला, विक्रीला किती वेळ लागतोय, याचा विचारच नव्हता.

वरवर पाहता नियम शहाणपणाचा वाटतो. उलाढाल जास्त म्हणजे खरेदीदार भरपूर, असं त्यामागचं गृहीतक. पण तेव्हा माल घेत होते बरेचसे अतिवेगवान प्रोग्रॅम, आणि त्यांना तो जवळ ठेवायचा नव्हता. घेतला की लगेच ते दुसऱ्याला विकत होते. समजा एका मिनिटात १०,००० करार झाले, तर आपला प्रोग्रॅम ९०० विकणार. तोच माल हातोहात फिरून उलाढाल ३०,००० झाली, की तो २,७०० विकणार. नवा खरेदीदार एकही आलेला नसतो, विक्रीचा वेग मात्र तिप्पट होतो. २:४५ च्या सुमारास अवघ्या १४ सेकंदांत या वेगवान मंडळींनी २७,००० हून अधिक करार केले, आणि त्यातून त्यांच्याकडे निव्वळ खरेदी उरली ती जेमतेम २०० करारांची! त्याच वेळी ई-मिनीच्या यादीतली खरेदीची बाजू सकाळच्या एक टक्क्याहूनही कमी उरली होती. उलाढाल फुगलेली आणि यादी रिकामी: धोक्याची खूण हीच, पण नियम एकच आकडा वाचत होता.

२:४५:२८ ला शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजच्या यंत्रणेने ई-मिनीचे व्यवहार पाच सेकंद आपोआप थांबवले. मला या सगळ्या घटनेत सर्वांत विलक्षण वाटतात ती ही पाच सेकंदं. तेवढ्यात विक्रीचा दाब ओसरला, खरेदीदार परतले आणि भाव वर चढू लागला.

फ्युचर्सपाठोपाठ सुरू झालेली शेअर्सची पडझड मात्र अजून चालूच होती. गोंधळलेल्या आकड्यांवर विश्वास न ठेवता अनेक प्रोग्रॅम बाजूला झाले होते. यादीत उरले होते ते कुणी स्वीकारेल अशी अपेक्षाच नसलेले, केवळ नावापुरते लावलेले भाव. 'बाजारभावाने विका' एवढंच सांगणाऱ्या ऑर्डरी त्यांच्यावर जाऊन आदळल्या, आणि ॲक्सेंचरचा शेअर एका सेंटला विकला गेला. नंतर असे २०,००० हून जास्त व्यवहार रद्द करावे लागले.