स्वर-गुणांकन (कॉल सेंटर)

कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्याच्या बोलण्याचा सूर यंत्राने मोजून त्याला गुण देण्याची पद्धत. कर्मचारी काय बोलला यापेक्षा कसा बोलला यावर तिचा भर असतो. आवाज चढला का, बोलण्याचा वेग किती होता, मध्ये शांतता किती वेळ होती, ग्राहकाचे बोलणे तोडले का, या मोजमापांवरून 'सौजन्य', 'सहानुभूती', 'शांतपणा' अशा नावांचे आकडे काढले जातात आणि ते मासिक इन्सेन्टिव्हला जोडले जातात. पूर्वी क्वालिटीवाले एका एजंटचे महिन्यातले मोजके कॉल ऐकत. यंत्र मात्र सगळेच ऐकते. फरक नुसत्या संख्येचा नाही. माणूस ऐकायचा तेव्हा 'साहेब, त्या कॉलला काय झालं होतं…' असे सांगायला समोर कुणीतरी होते.

किनारपट्टीवरचा संदर्भ. भारतात दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरसारख्या सेवांवरचे नियम सैल केले, आणि एजंटने घरून काम करणे सोपे झाले. मराठी ग्राहकांचे कॉल घ्यायला मुंबई-पुण्यात खोली भाड्याने घेण्याची गरज उरली नाही. कुडाळ, राजापूर किंवा गुहागरकडच्या घरातूनही लॅपटॉप आणि हेडसेटवर ते घेता येतात. गुण देणारी प्रणाली मात्र वातानुकूलित, गालिचा घातलेल्या दालनाच्या हिशेबाने बसवलेली असते. कोकणात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि पुष्कळ घरांच्या पडवीवर पत्रा असतो. या नोंदीत पुढे जे आहे ते मुख्यतः या पत्र्याबद्दल आहे.

यंत्र काय मोजते. ध्वनिमुद्रणाचे काही सहस्रांश सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यात स्वराची उंची (हर्ट्झमध्ये), जोर आणि नादाची ठेवण मोजतात. त्यांचे चढउतार नमुन्यांशी ताडून पाहतात. हे नमुने बऱ्याचदा नटांनी अभिनय करून म्हटलेल्या वाक्यांचे असतात. या क्षेत्रात वारंवार वापरला गेलेला बर्लिनचा २००५ सालचा संच फक्त दहा नटांच्या जर्मन वाक्यांचा आहे. दशावतारातल्या राक्षसाची आरोळी ऐकून बँकेतल्या कारकुनाचा राग ओळखायला शिकावे, तसाच हा प्रकार.

त्यातही एक मूलभूत मर्यादा आहे. आवाजावरून उत्तेजना किती आहे हे बऱ्यापैकी कळते, ती कसली आहे हे फारच कमी कळते. रागाने आणि आनंदाने, दोन्हींनी सूर चढतो, वेग वाढतो, जोर वाढतो. त्यामुळे 'राग' या नावाखाली छापलेला आकडा पुष्कळदा निव्वळ 'सूर चढला' एवढेच सांगत असतो. सूर का चढला हे यंत्राला ठाऊक नसते.

लोम्बार्ड परिणाम. गोंगाटात माणूस आपसूक मोठ्याने बोलू लागतो. फ्रेंच वैद्य एतियेन लोम्बार्ड याने १९११ मध्ये हे मांडले, म्हणून त्याचे नाव. या परिणामात आवाज फक्त मोठा होत नाही. त्याची उंची वाढते आणि स्वर लांबतात. बोलणाऱ्याला हे बहुधा कळतही नाही, आणि ठरवून ते पूर्णपणे टाळणे अवघड असते. पत्र्यावर सरी कोसळत असताना एका कानाचा हेडसेट लावून बोलणाऱ्या माणसाचा गळा हेच करतो. यंत्र उत्तेजनेसाठी सूर आणि जोर मोजते, आणि पाऊस तेच दोन्ही चढवतो.

यावर मालवणीचा हेल येतो. मालवणी माणूस प्रमाण मराठीत बोलला तरी वाक्याचा शेवटचा स्वर लांबवतो आणि सूर वरखाली खेळवतो. गावात हे साधे बोलणे आहे. सपाट सुरालाच 'शांत' समजणाऱ्या प्रणालीत मात्र हेल म्हणजे चढउतार आणि चढउतार म्हणजे आवेग.

एक उदाहरण. पुढचा कॉल आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. गुणांची वाटणी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. कुडाळजवळच्या गावातली एक एजंट, जुलैतली दुपार, बाहेर जोराची सर. विम्याचा दावा अडकलेल्या ग्राहकाचा ६ मिनिटे २० सेकंदांचा कॉल. सुराला ४० गुण, शांततेला २०, बोलणे तोडण्याला २०, ठरलेली वाक्ये म्हणण्याला २०. पास व्हायला ७५ हवेत.

कोरड्या दिवशी तिच्या बोलण्याची सरासरी उंची २०० हर्ट्झ असते. या कॉलमध्ये ती २३८ निघाली. पेटीवर वाजवले तर सा पासून कोमल गंधारापर्यंतचे अंतर. प्रणालीने याला 'ताण' म्हटले आणि सुराचे १८ गुण कापले. दाव्याचे पान उघडायला ४८ सेकंद लागले. तेवढा वेळ ती 'पान उघडतंय, थांबा हं' एवढेच म्हणून गप्प राहिली. 'डेड एअर' म्हणून १० गुण गेले. ग्राहक आपली कर्मकथा सांगत असताना ती 'हं', 'होय', 'बरं' असे हुंकार देत होती. त्यातले आठ यंत्राने बोलणे तोडल्याचे प्रसंग धरले, आणखी १२ गुण गेले. ठरलेली वाक्ये सगळी झाली होती. एकूण ६०. नापास.

तोच कॉल दोन माणसांनी स्वतंत्रपणे ऐकला तर चित्र बदलते. शांतता सर्व्हरची होती. आठ हुंकारांपैकी खरे तोडणे एकच, तेही पॉलिसी क्रमांक पुन्हा विचारण्यासाठी. हुंकाराचा प्रकार मला सगळ्यात खटकतो, कारण तो निव्वळ गैरसमजावर उभा आहे. मराठीत हुंकार न देणारा श्रोता उद्धट ठरतो. गोष्ट सांगणारी आजीसुद्धा हुंकार थांबला की 'झोपलास काय रे?' विचारते. इथे ऐकण्याची खूण हाच गुन्हा ठरला. सुराच्या १८ गुणांबाबत ऐकणारे एवढेच म्हणू शकतात की बाई रागावलेली वाटत नाही, मोठ्याने बोलतेय.

चूक ओळखायची कशी. एका कॉलवरून काही सिद्ध होत नाही. पण कॉल जोडल्यावर पहिले 'नमस्कार' येण्याआधी सेकंद-दोन सेकंद कुणी बोलत नाही. त्या फटीत एजंटच्या बाजूला फक्त घराचा आवाज असतो. सगळ्या कॉलमधली ही फट मोजून तिच्या आवाजापुढे गुण मांडले, की पाऊस आणि गुण यांचे नाते दिसते. फट मोठी वाजते तेव्हाच गुण पडत असतील, तर मोजले जातेय ते छप्पर. दुसरी ताडणी महिन्यांची. जून ते सप्टेंबर गुण घसरले, पण त्याच ग्राहकांचे पुन्हा येणारे कॉल आणि तक्रारी होत्या तितक्याच राहिल्या, तर सेवा घसरलेली नाही.

यासाठी दोन्ही बाजूंचे ध्वनिमुद्रण वेगवेगळे ठेवलेले असावे लागते. दोघांचे आवाज एकाच मार्गिकेत मिसळले असतील तर कोण बोलतेय हे यंत्र अंदाजाने ठरवते, आणि चिडलेल्या ग्राहकाचा सूर एजंटच्या खात्यावर पडू शकतो. गोंगाट कमी करणारे सॉफ्टवेअर वापरूनही प्रश्न पुरता सुटत नाही. ते पावसाचा आवाज दाबते, पण पावसामुळे चढलेला गळा खाली आणत नाही. उलट, गोंगाट दिसेनासा झाल्यामुळे चढलेला सूर विनाकारण वाटतो.

पाळत. दुरुस्तीचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक एजंटला तिच्याच नेहमीच्या सुराशी ताडणे आणि भोवतालचा आवाज हिशेबात धरणे. पण मग प्रत्येकाच्या आवाजाची वैयक्तिक नोंद कायम ठेवावी लागते आणि घर ऐकावे लागते. पाऊस पडतोय हे ज्या माईकला कळते, त्याला माजघरातले भांडण, आजाऱ्याचा खोकला आणि गणपतीतले भजनही कळते. काही प्रणालींत ग्राहकाला होल्डवर ठेवले तरी एजंटच्या बाजूचे मुद्रण चालूच राहते. ज्यांनी कुठल्याही कागदावर सही केलेली नाही अशा सासू, मुले आणि शेजारी यांचे आवाजही त्यात साठतात. म्हणजे गुणांकन अन्यायी आहे ही तक्रार जितकी नीट सोडवावी, तितकी पाळत घरात खोल शिरते. ही अडचण तंत्र सुधारून जाणारी नाही.

कायदा. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने कामाच्या जागी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळली. युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शिकेत कॉल सेंटरचेच उदाहरण आहे. कर्मचाऱ्याचा राग आवाजावरून टिपणे निषिद्ध, ग्राहकाचा टिपणे निषिद्ध नाही. त्याआधी २०२२ मध्ये हंगेरीच्या विदा म्हणजे डेटा संरक्षण प्राधिकरणाने एका बँकेला ग्राहक-कॉलमधल्या भावनांच्या यांत्रिक विश्लेषणाबद्दल २५ कोटी फोरिंटचा दंड केला होता.

भारतात भावना मोजण्यावर अशी बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा त्यानंतरचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मालकावरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. या कायद्याचे कलम ७ नोकरीच्या कारणांसाठी संमतीशिवाय विदा वापरू देते. खरी मेख पुढे आहे. आपली विदा काय आहे हे विचारण्याचा (कलम ११) आणि ती दुरुस्त करून घेण्याचा (कलम १२) हक्क संमती दिलेल्यालाच आहे. मालकाने संमती न मागता नोकरीचे कारण पुढे केले, तर कुडाळच्या त्या एजंटला आपले १८ गुण कशाने कापले हे या कलमांखाली विचारता येत नाही. तिच्या हाती उरते कलम ८ मधले मालकाचे कर्तव्य. ज्या विदेवरून माणसावर परिणाम करणारा निर्णय होऊ शकतो, ती पूर्ण आणि अचूक असल्याची काळजी मालकाने घ्यायची आहे. पत्र्याचा आवाज 'ताण' म्हणून नोंदला जाणे या कर्तव्यात बसत नाही, असे म्हणायला जागा आहे. आणि त्यासाठी तिच्याजवळ कॉलची तारीख, वेळ आणि त्या दिवशीच्या पावसाची नोंद असलेली बरी.