‘का’ने सुरू होणारा प्रत्येक प्रश्न विचाराचा नसतो

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून वह्या आणि कर्जरोखे हिसकावून घेतले व जाळले. दख्खनच्या दंग्यांच्या या पाठाचे टाचण काढताना ‘दंगा कोठे सुरू झाला?’ हा प्रश्न आठवणीचा आणि ‘शेतकऱ्यांनी कर्जरोखेच का जाळले?’ हा प्रश्न विचाराचा, अशी विभागणी मी अनेक वर्षे करीत आलो. पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत ती बरोबर होती. दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा चुकीची होती, कारण रोखा हाच कोर्टातला पुरावा असल्यामुळे तो नष्ट केला की कर्ज सिद्ध होत नाही, असे शेतकऱ्यांना वाटत होते, हे मी पाचच मिनिटांपूर्वी वर्गाला सांगितलेले असे. मुले माझेच वाक्य मला परत करीत आणि मी ‘शाबास’ म्हणत असे.

या दोन प्रकारांची गल्लत होते ती प्रश्नाच्या पहिल्या शब्दावरून. ‘कोण’, ‘कधी’, ‘कोठे’ म्हणजे आठवण आणि ‘का’, ‘कसे’ म्हणजे विचार, हा आडाखा सोयीचा असला तरी भरवशाचा नाही. प्रश्नाची जात शब्दाने नव्हे, तर वर्गाला आधी काय सांगितले आहे त्यावरून ठरते. तपासण्याचा उपाय साधा आहे. टाचणात प्रश्नापुढे अपेक्षित उत्तर लिहावे आणि पुस्तकात किंवा फळ्यावर त्या उत्तराचे वाक्य बोटाने दाखवता येते का ते पाहावे. दाखवता आले, तर प्रश्न आठवणीचाच आहे.

आता खरोखर विचाराचा एक प्रश्न पाहू. दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि सरकारी शेतसाऱ्याचे ओझे हे दंग्याचे कारण होते का, हे विशेषकरून तपासण्यास त्याला सांगितले. आयोगाने सारा हे कारण नसल्याचे सांगून दोषाचा रोख सावकारांकडे वळवला. प्रश्न असा: ‘या निष्कर्षावर किती भरवसा ठेवावा आणि तो पारखण्यासाठी आपण आणखी कोणते कागद मागवू?’ याचे तयार वाक्य पुस्तकात नाही. पण आयोग कोणी नेमला, रयतवारीत सारा कोण ठरवीत असे आणि अमेरिकेतील यादवी 1865 मध्ये संपल्यावर कापसाच्या मागणीचे काय झाले, हे तीन आठवणीचे प्रश्न आधी झाल्याशिवाय मुलांच्या हाती विचार करण्यासाठी काही उरत नाही. म्हणून आठवणीच्या प्रश्नांना दुय्यम मानू नये. ते पुढच्या प्रश्नाची शिदोरी भरतात, आणि कोणते विचारायचे हे तो पुढचा प्रश्नच ठरवतो. टाचण त्यामुळे उलटे, शेवटाकडून लिहावे लागते.

थांबण्याचा हिशेबही दोघांचा वेगळा असतो. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचे दिसले, आणि तीन सेकंदांहून अधिक थांबल्यावर उत्तरे लांब व सकारण होऊ लागली. आठवणीच्या प्रश्नाला हे तीनेक सेकंद पुरतात. ज्याला साल आठवत नाही, त्याच्याकडे दहा सेकंद पाहत राहिल्याने ते आठवत नाही, तो फक्त ओशाळतो. आयोगाच्या प्रश्नाला मात्र मी कच्च्या वहीत दोन ओळी लिहिण्यासाठी पूर्ण एक मिनिट देतो आणि नाव त्यानंतरच घेतो, कारण नाव आधी घेतले की उरलेला वर्ग सुटल्यासारखा खिडकीबाहेर पाहू लागतो.

दुसरे थांबणे उत्तरानंतरचे, आणि ते मला अधिक जड जाते. एका तासाला एक मुलगी म्हणाली, ‘आयोग सरकारचाच होता, म्हणून तो खोटे बोलला.’ मी ‘बरोबर’ म्हणण्याच्या बेतात होतो, पण मनात पाचपर्यंत मोजले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आले, ‘पण सर, म्हणून सावकार निर्दोष ठरतात असं कुठंय?’ मग वर्गाने गावांच्या सारावाढीचे आकडे आणि सावकारांच्या उरलेल्या वह्या, हे दोन्ही मागितले. मी पहिल्याच उत्तराला पसंती दिली असती, तर हे दुसरे वाक्य बाकावरच राहिले असते.

शांतता असह्य झाली की आपण प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतो: ‘म्हणजे, सरकारच्या आयोगाने सरकारलाच दोष दिला असता का?’ सारा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणतो. पहिल्या प्रश्नाला कागद मागवावे लागत होते. या प्रश्नाला शिक्षकाचा सूर ओळखणे पुरते. म्हणून विचाराचा प्रश्न मी शब्दशः फळ्यावर लिहून ठेवतो, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात एकच, फार तर दोन घेतो.