बुडखा जगतोय की कुजतोय?

चिरून उरलेला कांद्याचा बुडखा वाटीतल्या पाण्यात ठेवला, की थोड्याच दिवसांत मधोमध हिरवी पात डोकावते. पुष्कळदा त्याच सुमारास वाटीला वासही यायला लागतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाला पात दिसते, दुसऱ्याला वास येतो, आणि दोघांचंही खरं असतं. उगवणं आणि कुजणं एकाच बुडख्यात शेजारी-शेजारी चालू शकतं. म्हणून बुडखा ठेवायचा की टाकायचा, हे पातीवरून ठरवू नये. ते ठरतं बुडाशी असलेल्या बोटभर रुंद तबकडीवरून.

ही तबकडी म्हणजे कांद्याचं खरं खोड. आपण खातो त्या पाकळ्या म्हणजे अन्न साठवून फुगलेले पानांचे तळ, आणि ते सगळे या चपट्या, कठीण चकतीवर एकात एक बसलेले असतात. चकतीच्या खालच्या अंगाने मुळं फुटतात आणि वरच्या अंगाला, अगदी मध्यभागी, नवी पानं तयार करणारा कोंब असतो. चकती शाबूत असली तर बाहेरच्या दोन पाकळ्या नासल्या तरी बिघडत नाही. चकतीच मऊ पडली तर वर कितीही हिरवंगार दिसो, तो बुडखा संपलेला असतो.

पात फसवते ती अशी. कांद्याच्या टोपलीत पाण्याचा थेंब नसतो, तरी पावसाळ्यात कांद्यांना कोंब येतातच. पाकळ्यांमधली साखर आणि पाणी ओढून पात लांब होते, त्यासाठी मुळांची गरज पडत नाही. बुडाला कूज लागली तरी वरचा कोंब साठ्यावर काही दिवस वाढत राहतो. त्यामुळे पात आली याचा अर्थ एवढाच, की कोंब सुप्तावस्थेतून जागा झालाय. खाली काय चाललंय ते तिच्यावरून कळत नाही.

खालचं कळतं मुळांवरून. पेशीविभाजन पाहण्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कांदा पाण्यावर टेकवून ठेवतात, ते ज्यांनी केलंय त्यांना हे चित्र ओळखीचं असेल. आधी तबकडीच्या कडेने पांढरे ठिपके उठतात, मग त्यांचे दोरे होतात आणि ते सरळ खाली उतरतात. सुप्तावस्था संपलेल्या कांद्यात हे दोन-चार दिवसांत होतं. नुकत्या काढलेल्या उन्हाळी कांद्याला मात्र बराच वेळ लागू शकतो, आणि तोवर नुसतं थांबण्याला कूज म्हणत नाहीत. जिवंत मूळ पांढरं आणि ताठ असतं, बोटाने हलकेच वाकवलं तर परत सरळ होतं. मेलेलं मूळ तपकिरी, लोळागोळा असतं आणि चिमटीत धरून ओढलं तर वरची साल हातात येते, आत केसासारखा धागा उरतो. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. आणखी एक गोष्ट: आधीपासून बुडाला चिकटलेली सुकी, पिवळट मुळं शेतातली जुनी असतात. ती जिवंत होत नाहीत, पाण्यात भिजून कुजतात आणि उगाच घाबरवतात. बुडखा ठेवण्यापूर्वीच ती खरवडून काढावीत, तबकडीला नख न लागू देता.

आता पाण्याविषयी. पहिल्या दिवशी पाणी किंचित दुधट होतं, ते चिरलेल्या पेशींमधून झिरपलेल्या रसामुळे. यात काळजीचं काही नाही. रस आहे की जिवाणू, हे ओळखायला पाणी ओतून द्यावं, बुडखा आणि वाटी दोन्ही धुवावीत आणि ताजं पाणी घालावं. दुसऱ्या दिवशीही ते नितळ राहिलं तर तो रस होता. रोज धुऊनही रोज गढूळ होत असेल आणि वाटीचा तळ बोटाला बुळबुळीत लागत असेल, तर जिवाणूंचं बस्तान बसलंय. काचेच्या ग्लासात उन्हाकडच्या बाजूला हिरवट थर धरतो, ते मात्र शेवाळ. दिसायला वाईट, पण त्याचा कुजण्याशी संबंध नाही.

बुडखे कुजण्याचं सर्वांत मोठं कारण आपण स्वतः त्यांना पुरवतो, ते म्हणजे जास्त पाणी. एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो, शिवाय पाण्यात तो हवेच्या सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. पूर्ण बुडलेला बुडखा त्यामुळे आतून गुदमरतो. ऑक्सिजनविना पेशी किण्वनावर दिवस काढतात, आत अल्कोहोल साचतं, पेशींची आवरणं गळू लागतात आणि त्यातून बाहेर येणाऱ्या साखरेवर जिवाणू पोसले जातात. म्हणून पाण्याची पातळी तबकडीच्या खालच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकेल इतकीच हवी. कापलेल्या पाकळ्यांच्या कडा पाण्याबाहेरच राहिल्या पाहिजेत. मुळं उतरली, की ती आपली आपण पाणी गाठतात.

कुजणाऱ्या भागाला बुळबुळीतपणा येतो तोही फुकटचा नाही. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने जोडलेल्या असतात, भिंतीतल्या विटांमधल्या सिमेंटसारख्या. मऊ कूज घडवणारे जिवाणू पेक्टिन विरघळवणारी विकरं सोडतात. सिमेंट गेलं की पेशी सुट्या होतात, आणि आपल्या हाताला लागतो तो हाच सुट्या पेशींचा लगदा. यातले काही जिवाणू संख्या पुरेशी वाढेपर्यंत ही विकरं फारशी सोडतच नाहीत. काल ठीक वाटणारा बुडखा आज एकदम नासलेला दिसतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

एक नमुना घेऊ. पाचवा दिवस आहे, पात चार बोटं वर आलीय, मुळं थोडी आहेत, पाणी गढूळ आहे आणि वास येतोय. आधी वास ओळखायचा. कांद्याचा झणझणीत वास ताज्या जखमेचा असतो, कारण पेशी फुटल्यावरच तो तयार होतो. इथे वास आंबूस, शिरक्याकडे झुकणारा आहे. मग बुडखा बाहेर काढून अंगठ्याने तबकडी दाबायची. ती खडखडीत लागली. आता बाहेरची पाकळी सोलायची. ती पिवळट-तपकिरी, लिबलिबीत निघाली, तिच्या आतली अर्धी तशीच आणि तिसरी पांढरी, करकरीत. म्हणजे कूज बाहेरून आत चाललीय, पण केंद्रापर्यंत पोचलेली नाही. दोन्ही नासक्या पाकळ्या मुळापासून काढायच्या, बुडखा वाहत्या पाण्याखाली धुवायचा, धुतलेल्या वाटीत कमी पाण्यात ठेवायचा आणि एक दिवस वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी तिसरी पाकळीही गेली, तर ओल्या कचऱ्यात टाकायचा. सुरुवातीलाच अंगठा तबकडीत रुतला असता किंवा पात हलकेच ओढल्यावर अलगद हातात आली असती, तर एवढा खटाटोप करण्याचं कारणच नव्हतं.

ही आंबूस, एकेक पाकळी खाणारी कूज जुनी परिचित आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये कांद्यातल्या या जिवाणूचं वर्णन केलं, आणि आज त्याचं नाव बर्कहोल्डेरिया सेपेशिया आहे. पुढे हाच जिवाणू सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत सापडू लागला. तेव्हा वास मारणारा बुडखा 'धुऊन वापरू' म्हणत पोह्यांत घालू नये.

पाकळी नासणं आणि पाकळी रिकामी होणं यांतही गल्लत होते. कोंबाने साठा ओढून घेतला की पाकळी पातळ, सुरकुतलेली आणि शेवटी कागदासारखी होते, पण तिला वास नसतो आणि चिकटपणाही नसतो. जे व्हायला हवं तेच ते. जोड कांद्यात तर एक केंद्र कुजलेलं आणि दुसरं ठणठणीत असं हमखास दिसतं. सुरीने ती वेगळी करावीत.

पांढऱ्या लवेबद्दलही एक सांगायला हवं. मुळा-मेथीच्या मोडांवर दिसणारी पांढरी लव बहुधा मूळरोमांची, म्हणजे मुळांवरच्या बारीक केसांची असते, त्यामुळे बुडख्यावरची लवही तशीच असेल असं वाटतं. कांद्याच्या मुळांवर मात्र मूळरोम फारच कमी असतात. कांद्याच्या बुडाशी कापसासारखं काही दिसलं तर ती बुरशीच समजावी, विशेषतः तबकडीही तपकिरी पडली असेल तर.

कधी असा कांदा हाती येतो, जो उगवतही नाही आणि कुजतही नाही. कारणं अनेक असतात, त्यांतलं एक नाशिक जिल्ह्यात आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र आहे. गॅमा किरणांच्या अगदी छोट्या मात्रेने कोंबातल्या पेशींचं विभाजन तिथे थांबवतात, आणि मग कांद्याला साठवणीत मोड येत नाहीत. तो खायला चांगला असतो, पण वाटीतल्या पाण्यात त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

लेट्यूसचा बुडखा वेगळ्या प्रकारे घाबरवतो. कापल्यावर त्यातून पांढरा चीक येतो. चीक आणि कापलेला भाग हवेत लालसर-तपकिरी होतो, सफरचंदाची फोड होते तसाच, आणि ही कूज नव्हे. नख लावून पाहावं: तपकिरी थर पातळ आणि कोरडा असेल, खाली फिकट हिरवं-पांढरं टणक खोड असेल, तर ठीक आहे. भोवतालच्या कापलेल्या पानांचे देठ मात्र नासणारच, ते पुन्हा वाढत नाहीत. दोन दिवसांनी ते मोडून काढले, की पाणी स्वच्छ राहतं. नवी पानं येतात ती फक्त मधल्या टोकातून, तेव्हा तिथे काळा, ओला ठिपका दिसला तर वाट पाहू नये. मुळं आली नाहीत तरी आठवडाभर चार लहान पानं मिळतात. त्याहून जास्त मिळणं कठीण, कारण साठा छोटा असतो आणि नळाच्या पाण्यात खत नसतं. हे थंड हवेचं पीक आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात मधला दांडा भराभर उंच होतो आणि पानं कडू लागतात. ती वाढ फुलोऱ्याची तयारी असते.

आल्याच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: ते पाण्यात ठेवूच नये. आलं हेही खोडच, पण भुसभुशीत, हवा खेळणाऱ्या मातीत वाढणारं. साताऱ्याकडचे आले उत्पादक निचऱ्यासाठी गादीवाफे करतात, कारण पाणी साचलं की कंदकूज आलीच. तरी ठेवायचंच असेल तर कापलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावी, म्हणजे तिच्यावर बुचासारखा थर धरतो. मग डोळा वर ठेवून तुकड्याचं फक्त बूड ओलं राहील असं बघावं. जिवंत डोळा फुगीर, कडक, पिवळसर आणि टोकाला बऱ्याचदा गुलाबी असतो. कुजका डोळा पाणचट, खोलगट दिसतो आणि दाबला तर पाणी सुटतं. तुकड्यात आत निळसर कडं दिसलं तर घाबरू नये, काही आल्यांचा तो रंगच असतो. आणि हिवाळ्यात काढलेलं आलं मार्च-एप्रिलपर्यंत सुप्त राहतं. जानेवारीत महिनाभर डोळा हलला नाही, तुकडा मात्र कडक आणि वास ताजा असेल, तर पाण्यातून काढून कोरड्या जागी ठेवावा आणि ऊन तापल्यावर कुंडीत लावावा.